परत आलेला लघुप्रबंध

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंध सादर होतो, ग्रंथालयातून साम्यतपासणीचा अहवाल येतो आणि त्याच्या पहिल्याच पानावर आकडा असतो : ३४ टक्के. सोबत विभागाचं पत्र. दुरुस्ती करून पुन्हा सादर करण्याची परवानगी आहे, मुदत अमुक. घरी सांगायचं कसं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच पडतो : ‘टक्का खाली कसा आणायचा?’

हा दुसरा प्रश्नच विद्यार्थ्याला चुकीच्या रस्त्याला नेतो. टक्का खाली आणायला एक रात्र पुरते. लेखन दुरुस्त करायला दोन-तीन आठवडे लागतात. विभागाने परवानगी दिलेली असते ती दुरुस्तीसाठी, आणि परत आलेली प्रत वाचणारा माणूस पहिल्या फेरीपेक्षा जास्त सावध असतो. पुढे काय करायचं ते ठरवण्याआधी ही परवानगी नेमकी कोणत्या नियमातून आली आहे, हे कळायला हवं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्‌मयचौर्याविषयी नियमावली काढली. तिच्यात साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य, त्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत पहिला स्तर : ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रत सादर करायची, आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ४० ते ६० टक्क्यांपर्यंत दुसरा स्तर : वर्षभर सुधारित प्रत सादर करण्यास मनाई. ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. म्हणजे ३४ टक्क्यांवर मिळालेली संधी ही कुणा एका प्राध्यापकाची मेहेरबानी नसते. नियमानेच ठेवलेली ती वाट आहे. मात्र याच नियमावलीत आणखी एक कलम आहे, ते फार थोडे विद्यार्थी वाचतात : पुन्हा तोच दोष सिद्ध झाला, तर शिक्षा आधीच्या स्तराहून एक पायरी वरची. पहिल्या स्तरावर सुटलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा सापडला तर वर्ष जाऊ शकतं.

ही नियमावली पदव्युत्तर आणि संशोधनपातळीच्या प्रबंध-लघुप्रबंधांना आणि प्रकाशित लेखनाला लागू होते. वर्गातल्या नेहमीच्या असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, उत्तरपत्रिका यांना तिने स्पष्टपणे वगळलं आहे. बी.कॉम.च्या दहा पानी असाइनमेंटवर शिक्षकाने लाल शेरा मारून ती परत दिली, तर तिथे चालतो तो त्या महाविद्यालयाचा स्वतःचा नियम. शिक्षण घ्यायला ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट भेटते. तिथल्या अनेक विद्यापीठांत पुन्हा सादर केलेल्या कामाला उत्तीर्णतेइतकेच गुण मिळतात, पदवीला साधारण ४० आणि पदव्युत्तरला ५०. काम कितीही उत्तम उतरलं तरी. त्यामुळे पहिलं पाऊल एकच : परवानगीच्या अटी लेखी मागून घेणं. मुदत कोणती, गुणांना मर्यादा आहे का, तपासणी कोणत्या साधनावर होणार, दुरुस्ती कोण पाहणार, आणि मुख्य म्हणजे ही परतफेर औपचारिक आहे की नाही. पुष्कळदा मार्गदर्शकच सादरीकरणाआधी प्रत तपासून घेतात आणि आपल्या पातळीवर परत देतात. तिथे दोष नोंदला जात नाही. विभागाच्या सचोटी समितीसमोर प्रकरण गेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या समितीत विभागप्रमुखांखेरीज विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीच्या साधनांचे जाणकार असतात. तिने नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळावीत असं नियमच सांगतो, म्हणून विद्यार्थ्याने आपली बाजू लेखी मांडायला आणि पूर्ण अहवाल मागायला संकोच करू नये.

पूर्ण अहवाल हा शब्द महत्त्वाचा. हाती आलेलं पहिलं पान म्हणजे अहवाल नव्हे. खरा अहवाल म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा मजकूर, त्यात रंगवलेल्या ओळी आणि प्रत्येक रंगापुढे एका स्रोताचा क्रमांक. त्याशिवाय दुरुस्ती सुरूच करता येत नाही.

उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्रात एम.ए. करणारी विद्यार्थिनी धरू. लघुप्रबंधाचा विषय : निफाड तालुक्यातल्या कांदा उत्पादकांची साठवणूक आणि विक्रीचा निर्णय. एकूण शब्द सुमारे १२,०००. साम्य ३४ टक्के, म्हणजे चार हजारांहून थोडे जास्त शब्द. हे सगळे शब्द चोरीचे आहेत का? रंगवलेल्या ओळी एकेक करून पाहिल्या, की चित्र वेगळं दिसू लागतं.

संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश मिळून ७ टक्के. पुस्तकांची नावं सगळीकडे सारखीच असणार, आणि आयोगाच्या नियमाप्रमाणे हा भाग मोजायचाच नसतो. अवतरणचिन्हांत घालून, खाली स्रोत देऊन घेतलेली अवतरणं ४ टक्के, तीही वगळायची. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’, ‘किमान निर्यात मूल्य’, कायद्यांची आणि योजनांची नावं, अशी विखुरलेली बारीक साम्यं ५ टक्के. हे १६ टक्के बाजूला काढले की उरतात १८. हे १८ टक्के खरे आहेत, आणि ते तीन ठिकाणी साचलेले आहेत : पूर्वसाहित्याचा आढावा ९, संशोधनपद्धतीचं प्रकरण ६ आणि जिल्ह्याची ओळख ३.

इथे दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिल्या १६ टक्क्यांसाठी ग्रंथपालांना किंवा समितीला लेखी विनंती : संदर्भसूची आणि श्रेय दिलेली अवतरणं वगळून अहवाल पुन्हा काढावा. साधनात त्यासाठी सोय असते. घाईत ती चालू करायची राहून जाते. या भागात विद्यार्थ्याने शब्द बदलत बसू नये. ‘किमान निर्यात मूल्य’ या संज्ञेचं ‘अल्पतम परदेशी विक्रीमोल’ करून टक्का उतरेल, पण परीक्षकाला काहीच कळणार नाही. आणि उरलेल्या १८ टक्क्यांबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहावं. वजाबाकी करूनही आकडा १० च्या वरच आहे, म्हणजे परत पाठवणाऱ्याचं चुकलेलं नाही.

बारीक साम्यांबाबत एक गैरसमज जागोजागी ऐकू येतो. नियमात म्हटलं आहे की सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले शब्द सलग १४ पर्यंत असतील तर ते वगळावेत. यावरून ‘तेरा शब्द उचलले तर चालतात’ असं सूत्र विद्यार्थ्यांमध्ये पसरलं आहे. ते बरोबर नाही. सवलत आहे ती सर्वांना ठाऊक असलेल्या किंवा सहज जुळून आलेल्या शब्दांना. दुसऱ्याचा निष्कर्ष दहा शब्दांत उचलला आणि नाव दिलं नाही, तर तो उचललेलाच राहतो. साधनाला तो सापडो किंवा न सापडो.

आता त्या १८ टक्क्यांकडे वळू. सगळ्यात सोपा भाग जिल्ह्याच्या ओळखीचा. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत, त्र्यंबकेश्वराला ज्योतिर्लिंग आहे, गोदावरी उगम पावते, द्राक्षं पिकतात. शासकीय संकेतस्थळावरून दोन पानं जशीच्या तशी उतरली आहेत. कांद्याच्या साठवणुकीचा विचार करताना यातलं काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. इथे दुरुस्ती म्हणजे वगळणं. दोन पानांच्या जागी अर्धं पान राहील : निफाडमधलं कांद्याचं क्षेत्र, लासलगावच्या बाजार समितीचं स्थान, आणि उन्हाळी कांदाच साठवता येतो, खरीप आणि रांगडा टिकत नाहीत, ही विषयाला लागणारी माहिती, स्रोतासह. लघुप्रबंध फुगवण्यासाठी घातलेला मजकूरच बहुधा उचललेला असतो. तो गेला की तीन टक्के जातात आणि प्रबंध सुधारतो.

पूर्वसाहित्याच्या आढाव्यात दुखणं खोल आहे. अहवालात या नऊ टक्क्यांचा बराच भाग एकाच स्रोताशी जुळतो : शोधगंगेवरचा एक पीएच.डी. प्रबंध. शोधगंगा हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेला भारतीय प्रबंधांचा खुला साठा आहे आणि साधन त्याच्याशी ताडून पाहतं. आढाव्यात १४ अभ्यासांची नावं आहेत. प्रत्येकाबद्दल तीन-चार वाक्यं, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. मूळ प्रबंधात एका लेखकाचं आडनाव चुकीचं छापलेलं होतं, तेही तसंच उतरलं आहे. अशी उतरलेली चूक परीक्षकाला पटकन दिसते, कारण तिच्यातून सिद्ध होतं की हा अभ्यास विद्यार्थ्याने उघडूनही पाहिलेला नाही.

यावर वाक्यं फिरवून इलाज होत नाही. १४ अभ्यासांपुढे एक खूण करायची : प्रत्यक्ष वाचलेले कोणते? समजा पाच निघाले. उरलेल्या नऊंपैकी जे शोधगंगेवर किंवा ग्रंथालयात मिळतील ते मिळवायचे आणि निदान प्रस्तावना, पद्धत आणि निष्कर्ष वाचायचे. जे मिळत नाहीत पण फार आवश्यक आहेत, त्यांच्याबद्दल ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असं लिहून दुसऱ्या हाताने घेतल्याचं कबूल करायचं. बाकीचे काढून टाकायचे. आठ वाचलेले अभ्यास चौदा न वाचलेल्यांपेक्षा तोंडी परीक्षेत जास्त उपयोगी पडतात.

मग रचना बदलायची. ‘अमुक (२०१२) यांनी अभ्यास केला, तमुक (२०१५) यांनी अभ्यास केला’ अशी माळ ओवली की दुसऱ्याची माळ उचलण्याचा मोह होतोच. त्याऐवजी आपल्या प्रश्नाभोवती अभ्यास गोळा करायचे. शेतकरी साठवत का नाही? एका गटाच्या मते चाळ नाही म्हणून. दुसऱ्याच्या मते पैशांची निकड असते म्हणून. तिसऱ्याच्या मते सरकारी धोरणाचा भरवसा नाही म्हणून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच झाली, तेव्हा चाळीत माल राखणाऱ्यांचं काय झालं, हा मुद्दा २०१५ च्या अभ्यासात सापडूच शकत नाही. तिथे विद्यार्थिनीची स्वतःची जागा तयार होते. ही मांडणी कुठल्याच प्रबंधाशी जुळणार नाही, कारण हा प्रश्न तिचा आहे.

एक परिच्छेद जवळून पाहू. उदाहरणासाठी रचलेलं, पण असल्या अहवालांत नेहमी भेटतं तसं एक वाक्य घेऊ : ‘उन्हाळी कांद्याची साठवणूक करताना वायुवीजन अपुरे राहिल्यास आर्द्रता वाढून कांदा सडण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे शेतकऱ्यास कमी दरातही माल विकावा लागतो.’

टक्का उतरवायला निघालेला हात याचं असं करतो : ‘रब्बी कांदा साठविताना हवा खेळती न राहिल्यास ओलावा वाढून कांदा कुजण्याचे प्रमाण वाढते, परिणामी बळीराजाला कमी भावातही माल विकावा लागतो.’ शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा, कल्पनांचा क्रम, स्वल्पविरामाची जागासुद्धा तीच राहिली. लेखनशिक्षणाच्या क्षेत्रात या प्रकाराला ठिगळलेखन म्हणता येईल असं नाव अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात दिलं. त्यांचं म्हणणं सहानुभूतीचं होतं : विषय पुरता न कळलेला नवखा लेखक असं करतो, म्हणून दर वेळी यात लबाडी शोधू नये. पण परत आलेल्या प्रतीत हे पुन्हा दिसलं, तर वाचणारा तेवढी सहानुभूती ठेवीलच असं नाही.

खरी दुरुस्ती अशी दिसते : ‘चाळीत हवा खेळली नाही तर कांदा टिकत नाही, आणि न टिकणारा माल घेऊन शेतकरी भावाची वाट पाहू शकत नाही, असा संबंध या अहवालाने जोडला आहे. प्रस्तुत अभ्यासात जूनमध्येच माल विकलेल्यांनी मात्र सडीच्या आधी पीककर्जाच्या परतफेडीचं कारण सांगितलं.’ पहिल्या वाक्याला स्रोताचं नाव, वर्ष आणि पान. दुसरं वाक्य तिच्या मुलाखतींमधून आलेलं. पहिल्या वाक्यातली कल्पना अहवालाचीच आहे आणि ती उघडपणे त्याच्या नावावर आहे. दुसरं वाक्य अहवालाशी बोलतं. शब्द बदलले म्हणून हे लेखन वेगळं झालेलं नाही. लिहिणारीने अहवाल काय म्हणतो ते समजून घेतलं आणि त्यापुढे आपलं काहीतरी ठेवलं.

हे जमावं यासाठी जुनी पण खात्रीची पद्धत आहे. मूळ मजकूर दोनदा वाचायचा. पुस्तक मिटायचं, पडद्यावरची खिडकी बंद करायची. पाचेक मिनिटांनी कोऱ्या कागदावर, समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं लिहायचं. मग मूळ मजकूर उघडून तीनच गोष्टी ताडायच्या : आकडे बरोबर आले का, अर्थ उलटा तर झाला नाही, आणि एखादा खास शब्दप्रयोग नकळत तसाच उतरला का. उतरला असेल आणि तो टाळता येत नसेल, तर अवतरणचिन्हं घालायची. मूळ मजकूर शेजारच्या खिडकीत उघडा ठेवून लिहिलं की ठिगळलेखन होणारच.

संशोधनपद्धतीच्या प्रकरणातले सहा टक्के सगळ्यात धोक्याचे आहेत, आणि विद्यार्थी त्यांनाच सगळ्यात किरकोळ समजतात. ‘पद्धत तर सगळ्यांची सारखीच असते’ असं म्हणून हे प्रकरण मागच्या वर्षीच्या एखाद्या लघुप्रबंधातून घेतलं जातं. आपल्या उदाहरणातही तसंच झालं आहे. त्यात लिहिलं आहे की प्रतिसादक यादृच्छिक पद्धतीने निवडले. प्रत्यक्षात ही विद्यार्थिनी लासलगावच्या बाजार आवारात गेली, लिलावाला आलेल्या ट्रॅक्टरांजवळ थांबली आणि बोलायला तयार झालेल्या ४० शेतकऱ्यांशी बोलली. ही यादृच्छिक निवड नव्हे. हिला सोयीस्कर निवड म्हणतात. उचललेल्या परिच्छेदाने तिच्या तोंडी खोटं विधान घातलं, आणि ते चोरीपेक्षाही गंभीर आहे, कारण पुढचे सगळे निष्कर्ष त्याच्यावर उभे आहेत.

दुरुस्ती करताना म्हणूनच तिला मूळ मजकूर पाहण्याची गरजच नाही. आपली वही पाहायची. कोणत्या महिन्यात गेले, कोणत्या गावांचे शेतकरी भेटले, प्रश्नावली भरून घेतली की बोलून टिपली, किती जणांनी नकार दिला, बाजारात आलेल्यांशीच बोलल्यामुळे माल न विकता चाळीत राखून बसलेले शेतकरी सुटले का. शेवटचा मुद्दा मोठा आहे. साठवणुकीचा अभ्यास करताना साठवणारेच नमुन्यात कमी आले असतील, तर ती अभ्यासाची मर्यादा आहे आणि ती त्याच प्रकरणात लिहायला हवी. असं लिहिलेलं प्रकरण शून्य टक्के जुळतं. मुद्दाम जुळू नये म्हणून लिहिलेलं नसतानाही.

प्रश्नावली कुणा दुसऱ्याची वापरली असेल तर तसं सांगून टाकावं आणि नाव द्यावं. प्रश्नावली उसनी घेणं हा गुन्हा नाही.

परत आलेल्या प्रतीवर काय करू नये, यात पहिलं नाव ‘टक्का उतरवून देतो’ म्हणणाऱ्या सेवांचं. पैसे घेऊन मजकूर शब्दपालट करणाऱ्या यंत्रातून फिरवला जातो. त्याचा परिणाम काय होतो, हे २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तीन संशोधकांनी विज्ञाननियतकालिकांतले लेख तपासून दाखवलं. तिथे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेच्या जागी ‘बनावट जाणीव’ अशा अर्थाचे शब्द छापून आले होते. साम्य शोधणाऱ्या साधनाला ते कळलं नाही, माणसांना लगेच कळलं. आपल्याकडे ‘शेतकरी’चा दर ठिकाणी ‘बळीराजा’ झालेला दिसला की परीक्षकही तेच ओळखतात.

त्याहून वाईट युक्त्या म्हणजे परिच्छेदाचं चित्र करून चिकटवणं, दोन शब्दांमध्ये पांढऱ्या रंगाची अदृश्य अक्षरं घालणं, रोमन अक्षराच्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर ठेवणं. टर्निटिनसारखी साधनं लपवलेला मजकूर आणि बदललेली अक्षरं वेगळी खूण करून दाखवतात. पहिल्या वेळी ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर खरं असू शकतं. युक्ती सापडल्यावर ते उत्तर उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक तांत्रिक काळजी आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडी असते. साधनाला त्यातलं काहीच वाचता येत नाही आणि साम्य नगण्य येतं. टंकलेखन करणाऱ्याने सवयीने असा फॉन्ट वापरला असेल, तर पुन्हा सादर करण्याआधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीत. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकतात. पहिली प्रत युनिकोडमध्ये आणि दुसरी जुन्या फॉन्टमध्ये गेली, तर ते निष्पाप दिसणार नाही. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून नाव न देता घालणं हाही तसाच प्रकार. साधनाला तो बहुधा सापडत नाही. विषयाच्या प्राध्यापकाने मूळ लेख वाचलेला असतो.

सुधारलेली प्रत तयार झाली, की सादर करण्याआधी तपासून पाहावीशी वाटते. इथे आणखी एक खड्डा आहे. पहिली प्रत साधनाच्या साठ्यात जमा झालेली असेल तर दुसरी प्रत तिच्याशीच जुळते आणि आकडा ८०-९० टक्क्यांवर जातो. घाबरायचं कारण नाही. अहवालातला पहिला स्रोत उघडून पाहावा. तो स्वतःचाच आधीचा लघुप्रबंध असेल तर ग्रंथपालांना सांगून तो वगळून घ्यावा, आणि कच्ची प्रत साठ्यात जमा न करता तपासता येते का ते विचारावं. बाहेरच्या कुठल्याही फुकट संकेतस्थळावर अख्खा लघुप्रबंध चढवू नये, तो पुढे कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात राहत नाही. वेळेचंही भान हवं. टर्निटिनमध्ये एकाच कामाच्या पहिल्या तीन फेरसादरीकरणांचे अहवाल लवकर येतात, त्यानंतरच्या प्रत्येकासाठी २४ तास थांबावं लागतं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी चौथं फेरसादरीकरण करणाऱ्याला अहवाल वेळेत मिळत नाही.

साधन दाखवतं तोच स्रोत विद्यार्थ्याने वापरलेला असतो असंही नाही. संकेतस्थळं एकमेकांची नक्कल करतात. अहवालात एखाद्या स्पर्धापरीक्षांच्या संकेतस्थळाचं नाव येतं आणि माहिती मुळात कृषी विभागाच्या पुस्तिकेतली असते. तळटीपेत नाव द्यायचं ते प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तिकेचं. अहवालातल्या दुव्यांची यादी तशीच संदर्भसूचीत ओतणारे विद्यार्थी नवी चूक करतात.

सुधारित प्रतीबरोबर एक-दोन पानांचं दुरुस्तीपत्रक जोडावं. नियमात ते सक्तीचं नाही. पण तपासणाऱ्याला १०० पानं पुन्हा चाळायला लागू नयेत, यासाठी याहून चांगलं काही नाही. त्यात क्षमायाचना नको, परिस्थितीचं वर्णन नको, नोंदी हव्यात. ‘पृ. १२-१३, जिल्ह्याची ओळख : शासकीय संकेतस्थळावरचा मजकूर वगळला, विषयाशी संबंधित अर्धे पान स्रोतासह ठेवले. पृ. १८-२७, पूर्वसाहित्य : १४ पैकी ६ अभ्यास वगळले, उरलेले ८ मूळातून वाचून विषयवार पुन्हा मांडले. पृ. ३१, नमुना निवड : “यादृच्छिक” हा चुकीचा उल्लेख दुरुस्त केला, निवड सोयीस्कर होती, तिची मर्यादा पृ. ३३ वर नोंदवली.’ आणि ज्या साम्याला हात लावलेला नाही त्याचंही कारण : ‘पृ. ४० : बाजार समिती कायद्याच्या कलमाचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, अवतरणचिन्हे व स्रोत दिला आहे.’

यातल्या तिसऱ्या नोंदीकडे मार्गदर्शकांनी आवर्जून पाहावं. नमुना निवडीचं विधान बदललं की निष्कर्षांच्या प्रकरणातली भाषाही बदलायला हवी. ‘निफाड तालुक्यातील बहुसंख्य शेतकरी’ असं तिथे लिहिलेलं असेल, तर ते आता ‘मुलाखत घेतलेल्या ४० शेतकऱ्यांपैकी बहुसंख्य’ असं व्हायला हवं. सारांशातही तेच. साम्याच्या अहवालात या ओळी रंगलेल्या नव्हत्या, म्हणून त्या दुरुस्तीतून सुटतात, आणि मग तोंडी परीक्षेत नेमका तिथेच प्रश्न येतो.

शेवटी प्रतिज्ञापत्र. हे काम आपलं स्वतःचं आहे, त्यात वाङ्‌मयचौर्य नाही आणि ते साधनावर तपासलेलं आहे, असं विद्यार्थी लिहून देतो, आणि मार्गदर्शक वेगळं प्रमाणपत्र देतात. सुधारित प्रतीसाठी ही दोन्ही पानं नव्या तारखेने, नव्या सह्यांनी लागतात. जुन्या प्रतीतली तशीच बांधून देऊ नयेत. सोबत नवा पूर्ण अहवाल, कोणते भाग वगळून काढला त्याच्या नोंदीसह. सगळं जमा केल्याची आवक-क्रमांक असलेली पोच घ्यावी, आणि पहिली प्रत, पहिला अहवाल, विभागाचं पत्र, मुलाखतींच्या वह्या हे सगळं निकाल लागून पदवी हातात येईपर्यंत जपून ठेवावं.